मदत हवी आहे: दारावरच्या विक्रेत्याला दारातच कसं थांबवायचं?

दुपारी सासूबाई घरी एकट्याच असतात. फिल्टरवाला येतो, "मावशी, फुकट पाणी तपासून देतो" म्हणत थेट स्वयंपाकघरात. नळाच्या पाण्यात धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो, पाणी तपकिरी होतं आणि सासूबाई घाबरतात. खरं तर तो रंग लोखंडी कांडी झिजल्यामुळे येतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे वीज नीट वाहत नाही आणि ते स्वच्छच दिसतं. हे समजावलंय, पण डोळ्यांसमोर पाणी गढूळ झालं की माझं कोण ऐकतं! म्हणून त्याला आत घ्यायचंच नाही, असं ठरलंय.

सेफ्टी डोअर न उघडता "नमस्कार, आम्ही दारावर काही घेत नाही" एवढं त्या म्हणतात. पण त्याने "मावशी, ऐकून तरी घ्या" म्हटलं की विरघळतात. "सून घरी नाही" म्हणणं धोक्याचं, एकट्या आहेत हे कळतं. "फिल्टर आहे" म्हटलं तर तो सर्व्हिसिंगचं काढतो.

तुमच्याकडची ज्येष्ठ मंडळी अशा वेळी नेमकं दुसरं वाक्य काय बोलतात? उद्धट न वाटणारं, पण पुढे बोलणं न वाढवणारं हवंय.