चरचरणारा स्विच: खटखट करून चालवायचा की बदलायचा?

किरण_नाशिक: गिझरचा मॉड्युलर स्विच ढिला झालाय, चालू असताना चरचरतो. दोन-चारदा खटखट केलं की थांबतो. मग बदलायचा कशाला? लोक उगाच घाबरवतात.

जुना वायरमन: वाचून राहवलं नाही. चालू-बंद करताना एक बारीक टिक होते ती वेगळी, पण चालू असताना चरचर म्हणजे आत ठिणग्या उडतायत. खटखटीने कॉन्टॅक्ट तेवढ्यापुरता बसतो आणि अजून जळतो. एकतर स्प्रिंग मेली असेल, नाहीतर मागचा स्क्रू ढिला. गिझर 2000 वॅटचा असेल तर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, बिल्डरने तिथे 6 अँपिअरचा स्विच ठोकला असेल तर तो तापणारच. 16 चा लावा, आणि त्याच कंपनीच्या त्याच सिरीजचा, नाहीतर प्लेटमध्ये बसत नाही.

मीनल: आमच्या पंख्याचा स्विचपण लुळा पडलाय, त्यात कुठलं ऑइल सोडू?

जुना वायरमन: ताई, ऑइल अजिबात नको, बदला.

सचिन_के: केवढं भाषण! मेन पाडायचा, स्विच बदलायचा, दहा मिनिटांचं काम.

विदुला: मेन पाडायचा म्हणे! इन्व्हर्टर आहे का ते विचारलंत? माझ्या भावाने असाच मेन पाडून बोर्ड उघडला, त्याच बोर्डात लाइट-पंख्याला इन्व्हर्टरची वायर आलेली, असा झटका बसला की स्टुलावरून खाली.

सचिन_के: टेस्टर लावायचा ना मग. अडाणीपणा तुमचा आणि दोष मेनला.

विदुला: तोंड सांभाळून बोला. लावला होता टेस्टर, बाल्कनीतल्या उन्हात त्याचा दिवा पेटलेला दिसतो का तुम्हाला?

जुना वायरमन: विदुलाताईंचा मुद्दा मानावा लागेल, तरी टेस्टर आधी चालू सॉकेटवर बघायचा असतो हे भाऊरायांना कोणी सांगितलं नाही वाटतं. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद हवेत. नुसता इन्व्हर्टर बंद केला तर मेनची लाइन बहुतेक वेळा त्यातून तशीच पुढे येते. मग प्लेट काढा, वायरींचा फोटो घ्या, एकेक वायर टेस्टरने तपासा. टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापून सेंटिमीटरभर नवं तांबं सोला, स्क्रू तांब्यावरच आवळा, प्लास्टिकवर नाही, आणि वायर ओढून बघा. खूप आतपर्यंत कडक झालेली निघाली तर हात लावू नका, वायरच बदलायला लागेल.

सचिन_के: म्हणजे शेवटी वायरमनच बोलवा. धंदा चालू ठेवा काका!

किरण_नाशिक: बरं बाबा, दोन्ही बंद करून उघडला. मागे 6 छापलंय, एक स्क्रू बोटाने फिरतोय. पण नुसता आवळला तर चालेल ना?

जुना वायरमन: प्लास्टिक पिवळं पडलंय का?

किरण_नाशिक: पिवळं नाही, तपकिरी.