शब्दचर्चा: भागधारक आणि हितधारक

रेश्मा (सोलापूर): व्यवसायनीतीच्या निबंधात शेअरहोल्डर आणि स्टेकहोल्डर या दोन दृष्टिकोनांची तुलना करायची आहे. दोघांनाही भागधारक लिहिलं तर चालेल का? उदाहरण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं घेणार आहे. रंगाईचं पाणी नाल्यात सोडतात, असं काहीतरी.

प्रशांत: भागधारक म्हणजे ज्याच्याकडे शेअर आहेत तो. दुसरा हितधारक, म्हणजे कंपनीच्या कारभाराची झळ किंवा फायदा ज्याला पोचतो तो. पहिला दृष्टिकोन म्हणतो, नफ्यासाठी कायदा मोडला तरी चालेल. दुसरा म्हणतो, कामगार सांभाळा.

कुलकर्णी मॅडम: प्रशांत, शब्द बरोबर आहेत, पण भागधारकांची बाजू मांडणारा अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन कायदा मोडायला सांगत नाही. 1970 च्या लेखात त्याने कायदा आणि समाजाचे नैतिक संकेत पाळूनच नफा मिळवायला सांगितलं आहे. म्हणून रेश्मा, नाल्याचं उदाहरण सोडून दे. ते दोन्ही बाजूंना चूकच वाटेल, मग तुलना कशाची करणार?

त्यापेक्षा असं धर. जुने माग काढून रेपिअर माग बसवले आणि वीस-वीस वर्षं काम केलेले 30 कामगार कमी केले. वर्षामागे 15 दिवसांचा पगार या हिशेबाने प्रत्येकाला 300 दिवसांचा पगार भरपाई म्हणून दिला, कायद्याने लागणारं बाकी सगळंही दिलं, कायदा संपला. आता प्रश्न असा की त्यांना नवं काम शिकवायला आणखी 10 लाख खर्चायचे का? भागधारकांची बाजू विचारेल, हे पैसे वसूल होतील का? कुशल कारागीर मिळत नसतील तर तीही हो म्हणेल. वसुली होणारच नसेल, तिथे खरा फरक दिसतो: हितधारकांची बाजू म्हणते, तरीही या माणसांचा कंपनीवर हक्क आहे.

भीमाशंकर (माढा): मी साखर कारखान्याचा सभासद, ऊसही तिथंच घालतो. मग मी कोण?

कुलकर्णी मॅडम: दोन्ही, भीमाशंकरराव. सहकारात मत शेअरवर नाही, माणसामागे एक. उसाला जादा भाव दिला तर फायदा कुणाचा झाला, सभासदाचा की पुरवठादाराचा, हे वेगळं काढता येत नाही. या दोन शब्दांत तुमचा कारखाना नीट बसत नाही. मला तरी अजून बसवता आलेला नाही.

प्रशांत: पण 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 166 संचालकांना कर्मचारी, समाज, पर्यावरण सगळ्यांचं हित बघायला सांगतं. म्हणजे आपल्याकडे वाद मिटला.

कुलकर्णी मॅडम: कलम आहे, पण कुणाला आधी हे ते सांगत नाही. आणि सामूहिक दाव्याचं कलम 245 फक्त सभासद आणि ठेवीदारांना दार उघडतं, कामगाराला नाही. त्याच कायद्यात कलम 178 मधली स्टेकहोल्डर समिती पाहा. नाव मोठं, पण ती शेअर, डिबेंचर असले रोखे धारण करणाऱ्यांच्याच तक्रारी ऐकते.

रेश्मा: मग कलम 166 कागदावरच?

कुलकर्णी मॅडम: अगदी तसं नाही. ते 10 लाख खर्चणाऱ्या संचालकाला भागधारकांनी जाब विचारला, तर त्याला याच कलमावर बोट ठेवता येतं. न खर्चणाऱ्याला मात्र कामगार ते दाखवून अडवू शकत नाही.