दहावीच्या पेपरला मिळणारा जादा तास कोणाचा?

रमाकांत_सातारा: आमच्या शाळेतल्या एका मुलाला दहावीच्या प्रत्येक तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळणार आहे, शिवाय लेखनिकही. मुलगा धडधाकट आहे आणि तोंडी उत्तरे चोख देतो. वेळ माझ्या मुलीलाही पुरत नाही, मग तिने काय करायचे? ज्यांच्याकडे पैसा आहे ते अक्षमतेचे प्रमाणपत्र आणतात आणि प्रामाणिकपणे अभ्यास करणारी मुले मागे पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनघा_पालक: माझ्या मुलाला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अध्ययन अक्षमता आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तोंडी उत्तर चोख देणे हा तुम्हाला लबाडीचा पुरावा वाटतो, पण या अडचणीची ओळख पटते ती त्यातूनच. इतिहासाचे उत्तर तो न अडखळता सांगतो; तेच लिहायला बसला की ‘राष्ट्र’ या शब्दापाशी त्याचे पेन थांबते आणि ती जोडाक्षरे जुळवेपर्यंत वाक्याचा पुढचा भाग डोक्यातून निसटून जातो. तीन तासांच्या पेपरात त्याचे शेवटचे प्रश्न कोरे राहतात, आणि त्यांची उत्तरे तो घरी येऊन मला सांगतो.

आता प्रमाणपत्राविषयी. आधी डोळे आणि कान तपासले जातात, मग बुद्ध्यांकाची चाचणी होते, त्यानंतर वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या होतात, आणि हे सारे एका दिवसात उरकत नाही. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांत अशी केंद्रे आहेत; बाहेरगावच्या पालकांना मुलाची शाळा बुडवून खेपा घालाव्या लागतात. त्यातही एक अडचण शाळेने आम्हाला कधीच सांगितली नाही. केंद्राच्या 2018 च्या नियमांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळत होते, पण चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागत होती. तिसरी-चौथीत काढलेला कागद नेमका दहावीच्या तोंडावर अपुरा ठरत होता. आम्हाला हे दुसऱ्या एका पालकाकडून कळले म्हणून निभावले.

विनायक_ना: भावना समजू शकतो, पण कायदा 40 टक्क्यांची अट घालतो. त्याहून कमी अपंगत्व असेल तर लेखनिक मिळत नाही. माझ्या पुतण्याच्या उजव्या हातात जन्मापासून कमजोरी आहे, प्रमाणपत्र 30 टक्क्यांचे आहे, आणि शाळेने अर्ज घेण्यासच नकार दिला.

माजी_मुख्याध्यापक: विनायकराव, 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूद 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये आहे आणि तिथे टक्केवारीची अट नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हेच सांगितले. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालील उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक सूचना काढली. तुमच्या पुतण्यासाठी लिहिण्यात अडचण असल्याचे सक्षम सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र घ्या, कारण केवळ टक्केवारीच्या कागदावरून हाताला नेमके काय जमत नाही हे कोणालाच कळत नाही.

रमाकांतरावांना खटकलेला तो एक तासही मनाने ठरवलेला नाही. तासाला किमान वीस मिनिटे असे प्रमाण आहे, म्हणून तीन तासांना एक तास होतो.

अर्ज शाळेमार्फतच करावा. परीक्षेचे आवेदनपत्र भरतानाच प्रमाणपत्राची प्रत, युडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र असल्यास त्याची प्रत आणि हव्या असलेल्या सवलतींचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या सहीने विभागीय मंडळाकडे गेला पाहिजे, आणि पालकांनी त्याची पोच घेतली पाहिजे. जादा वेळ आणि लेखनिक या दोन वेगळ्या मागण्या आहेत. अर्जात एकच लिहिली आणि परीक्षेच्या सकाळी केंद्रसंचालकांनी दुसरी नाकारली, असे मी पाहिले आहे. शाळा अर्ज घेत नसेल तर नकार लेखी मागा, तो जोडून विभागीय सचिवांना लिहा, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा.

विनायक_ना: शाळेत मला हे कोणीही सांगितले नाही. तरीही कायदा एक सांगतो आणि कार्यालयातला कारकून दुसरेच सांगतो, हा माझा अनुभव तुम्ही खोडून काढलेला नाही.

संतोष_ल: मी बँकेच्या परीक्षा देतो. मला स्वतःचा लेखनिक न्यायचा आहे, त्याचे शिक्षण किती असावे?

माजी_मुख्याध्यापक: संतोष, भरती परीक्षांची सूचना वेगळी असते, तुमच्या जाहिरातीत जे छापले आहे तेच पाहा. इथे दहावीविषयी चालले आहे.

सुनंदा_लेखनिक: दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी मी अनेक वर्षे लेखनिक म्हणून बसले आहे, त्यामुळे एका गोष्टीचा मला खरोखर संताप आहे. दहावीच्या मुलाला लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, ही अट ज्यांनी घातली त्यांनी बीजगणिताचा पेपर सांगून लिहून घेऊन पाहावा. ‘कंस, एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग’ असे विद्यार्थी सांगतो आणि नववीतले मूल केवळ तीनचा वर्ग लिहून मोकळे होते. ते परत वाचून घेणे, चूक शोधणे आणि पुन्हा सांगणे यातच तो जादा तास संपतो.

रमाकांत_सातारा: म्हणजे आता गणित येणारा लेखनिक हवा? मग उत्तर कोणाचे, हा माझा मूळ प्रश्न आणखी पक्का होतो.

सुनंदा_लेखनिक: तुम्ही मुलांवर चोरीचा आळ घेत आहात आणि तोही परीक्षेच्या खोलीत पाऊल न ठेवता. पर्यवेक्षक समोर बसलेला असतो आणि प्रत्येक शब्द त्याला ऐकू येतो. मला उत्तर सुचवणारा लेखनिक नको आहे, सांगितलेले चिन्ह ओळखणारा हवा आहे.

माजी_मुख्याध्यापक: सुनंदाताई, तुमचा राग रास्त आहे, पण अट काढली तर वरच्या वर्गातले हुशार विद्यार्थी लेखनिक म्हणून येतील आणि संशय सगळ्याच मुलांवर येईल. अट ठेवूनही मार्ग काढता येतो. लेखनिक लवकर ठरवा आणि जुन्या प्रश्नपत्रिका दोघांकडून घड्याळ लावून सोडवून घ्या. भूमितीच्या आकृतीत आधी बिंदूंची नावे, मग रेषा, मग मापे असा सांगण्याचा क्रम दोघांत पक्का झाला की बराच वेळ वाचतो.

सुनंदा_लेखनिक: सराव हवा हे मान्य आहे. पण नववीतल्या मुलाची स्वतःची परीक्षा जवळ असताना त्याला सरावाला सोडणारे पालक कोठून आणायचे? जे लेखनिक मिळाले, त्यांतले निम्मे ऐनवेळी गळालेले मी पाहिले आहेत. तुमचा मार्ग शहरातल्या मोठ्या शाळेला जमेल, वाडीवरच्या शाळेला जमणार नाही.

अनघा_पालक: आमचाही लेखनिक ऐनवेळी तापाने आजारी पडला होता. दुसऱ्याचे नाव आधीच शाळेत दिलेले होते, म्हणून पेपर हुकला नाही. प्रत्येक पालकाने पर्यायी नाव देऊन ठेवावे. 2021 च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर जादा तास नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, पण फेरपरीक्षा दिली नाही. गेलेला तास निकालाने परत येत नाही.

रमाकांत_सातारा: तपासणी अशी होत असेल तर ‘पैशाने आणलेले’ हे शब्द मी मागे घेतो. मात्र माझ्या मुलीचा प्रश्न तसाच आहे. तिचे अक्षर वेडेवाकडे येते आणि तिसरीपासून ती फळ्यावरचे अर्धेच उतरवून आणते. शिक्षक तिला आळशी म्हणतात.

अनघा_पालक: ती आत्ता कितवीत आहे? नववीत असेल तर या महिन्यातच तिला तपासणीला न्या. जाताना मागच्या दोन-तीन इयत्तांच्या वह्या सोबत ठेवा. तिथे त्या पाहतात.