गिझरची साफसफाई

> पुण्याच्या वाघोलीत टॉवर धडाधड उभे राहतायत. कमी भांडवलात काय सुरू करता येईल?

गिझरची देखभाल. तिथे बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात. पाणी जड, त्यामुळे कॉइलवर क्षाराचा पांढरा थर चढतो. पाणी तापायला वेळ लागतो, आतून कडकड आवाज येतो आणि शेवटी कॉइल फुटून करंट गळला की वीज तोडणारा स्विच, म्हणजे ईएलसीबी, पडायला लागतो. सगळ्यांना फ्लॅटचा ताबा एकदमच मिळालेला असल्याने बिल्डिंगभर हीच तक्रार साधारण एकाच काळात सुरू होते, हे तुमच्या फायद्याचं.

वीज बंद करून टाकी रिकामी करायची, कॉइल काढून सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवायची, तळाचा गाळ धुवायचा. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड बारीक झाला असेल तर बदलायचाच, नाहीतर टाकी गंजते आणि टाकीला दुरुस्ती नसते. गॅस्केट दरवेळी नवी. काचेच्या अस्तराच्या टाकीत कडक ॲसिड किंवा स्क्रूड्रायव्हर कृपा करून घालू नका.

वॉरंटीतला गिझर उघडू नका, ग्राहकाची वॉरंटी जाऊ शकते. एकेका घरासाठी फेऱ्या मारण्यात कमाई उरत नाही. सोसायटीच्या कमिटीशी बोलून एका विंगला एक रविवार ठरवा.