मदत हवी आहे : अनारसा तुपात हसतो, पीठ मिसळले की कडक होतो

प्रश्न (खानापूर) : अर्धा किलो जुना तांदूळ रोज पाणी बदलून तीन दिवस भिजवला, मग उपसून सावलीत कापडावर पसरला आणि दमट असतानाच दळून चाळून घेतला. त्या पिठाच्या वजनाइतकाच किसलेला गूळ व चमचाभर तूप घालून गोळे सहा दिवस डब्यात दाबून ठेवले. आता खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडताच कडेने सुटतो आणि झाऱ्यावर भुगाच येतो. कोरडी पिठी मिसळून लगेच तळल्यास तो हसत नाही, पण जाळी पडत नाही आणि आतून घट्ट राहतो. या तयार पिठाचे काय करावे?

निपाणी : आमच्या कन्नड शेजारीण कज्जायासाठी गुळाचा पाक करतात. तुमचा पाक कच्चा राहिला असावा.

चिकोडी : गूळ चिकीचा आहे का, ते पाहा. त्याने माझे अनारसे चिवट झाले होते.

बेळगाव (शहापूर) : ताई, इथे पाक केलेलाच नाही, त्यामुळे तो कच्चा राहण्याचा प्रश्न नाही. चिकीच्या गुळाने अनारसा कडक होतो हे खरे, पण तुमचा आधी विरघळतो आहे. दमट पिठाच्या वजनात पाण्याचेही वजन असते. त्याच्याइतका गूळ घेतला की तांदळाच्या मानाने गूळ जास्त पडतो आणि तुपात तोच आधी वितळून अनारशाला फोडतो. पीठ जितके ओले, तितका गूळ कमी घ्यावा. मी पाऊण पटीवर थांबते.

आता सगळ्या पिठाला हात न लावता मूठभर पीठ घ्या, त्यात चमचाभर तांदळाची पिठी मळा आणि झाकून रात्रभर ठेवा. पिठी लगेच तळली, तर तिला गुळाचा ओलावा शोषायला वेळच मिळत नाही, म्हणून तुमचा अनारसा आतून घट्ट राहिला. सकाळी एकच तळून पाहा. तूप मध्यम तापलेले असावे, खसखशीची बाजू वर ठेवावी, अनारसा उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवत राहावे. कडा बदामी होऊन जाळी दिसली की काढा आणि चाळणीत उभा करून तूप निथळू द्या. काढताना तो मऊच असतो, कुरकुरीतपणा निवल्यावर येतो.

प्रश्नकर्ती : गूळ साधाच आहे. सांगितल्याप्रमाणे रात्रभर ठेवलेल्या पिठाचा अनारसा फुटला नाही आणि मध्यभागी जाळी पडली, पण कडा अजून जाड व घट्ट आहेत. आता केळे कुस्करून घालावे की दुधाचा हात लावावा?

निपाणी : केळेच घाला, जाळी छान पडते.

बेळगाव (शहापूर) : केळ्याने रंग लवकर चढतो आणि आत कच्चे राहते, असा माझा अनुभव आहे. मी आधी कडा बोटांनी पातळ थापून पाहीन, आणि तरीही घट्ट राहिल्या तरच दुधाचे दोन थेंब लावीन.