मदत हवी आहे: सॉक एल१ इंटरव्ह्यू, शिफ्ट संपताना अलर्ट आला तर?

इंदूरी_पोहा: परवा सॉकमध्ये, म्हणजे सिक्युरिटी अलर्ट बघणाऱ्या टीममध्ये, पहिल्या फळीच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे, शिफ्ट संपायला १५ मिनिटं उरलीत आणि अलर्ट आला तर काय करशील असं विचारतात म्हणे. नेमकं काय सांगू? लवकर सांगा प्लीज.

बडोदे_रात्रपाळी: अरे पण कसला अलर्ट?

इंदूरी_पोहा: विंडोज सर्व्हर, भरपूर लॉगिन फेल आणि मग एक सक्सेस.

विजयनगर_वाला: सरळ वरच्या फळीकडे, एल२ कडे ढकल. एल१ नं डोकं लावायचं नसतं.

बडोदे_रात्रपाळी: असं सांगितलंस तर पुढचा प्रश्न येणार, एल२ ला काय सांगून पाठवलंस? लॉगमध्ये 4625, म्हणजे फेल लॉगिनची रांग आणि मग 4624, म्हणजे सक्सेस दिसलं की आधी अकाउंट, सोर्स आयपी आणि लॉगॉन टाइप बघ. सर्व्हिस अकाउंट आहे, आयपी आतलाच आहे, फेल बरोबर पाच-पाच मिनिटांनी पडतायत आणि आजच पासवर्ड बदलल्याचं तिकीट आहे, तर बहुतेक एखाद्या शेड्यूल्ड टास्कमध्ये जुना पासवर्ड राहिलाय. तरी सर्व्हर टीमला विचारल्याशिवाय बंद करू नकोस. पण बाहेरचा आयपी, अॅडमिन अकाउंट आणि सक्सेसचा टाइप 10, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, असेल तर हँडओव्हरची वाट बघायची नाही, एल२ ला फोनच करायचा. आणि फेलवर टाइप 3, म्हणजे नेटवर्क लॉगॉन, दिसला म्हणून हा दुसराच प्रकार समजू नकोस, एनएलए, म्हणजे डेस्कटॉप उघडण्याआधीच ओळख तपासणं, चालू असेल तर रिमोट डेस्कटॉपचे फेलही 3 मध्येच पडतात.

ग्वाल्हेर_काका: मी कारखान्यात कंट्रोल रूमला होतो. येणारा माणूस लॉगबुक वाचून सही करेपर्यंत आम्ही खुर्ची सोडत नव्हतो.

बडोदे_रात्रपाळी: काका, इथेही तेच हवं. नोटमध्ये काय दिसलं, काय तपासलं, काय राहिलं, कोणाला कळवलं हे लिहायचं आणि पुढच्यानं तिकीट स्वतःच्या नावावर घ्यायचं. वेळ लिहिताना यूटीसी की आयएसटी तेही लिही. रात्री दीडची घटना यूटीसीत आदल्या दिवशीच्या 20:00 ला दिसते, पुढचा माणूस भलत्याच वेळेचे लॉग चाळत बसतो.

सर्टिफिकेटप्रेमी: सीईएच करून टाक, कॉल येतातच.

इंदूरी_पोहा: ते नंतर बघू. अलर्ट फटीगवर काय बोलू?

विजयनगर_वाला: थ्रेशोल्ड वाढवा म्हण. आमच्याकडे एका अकाउंटवर ५ फेलचा २० केला, शांतता झाली.

बडोदे_रात्रपाळी: शांतता झाली, पण पासवर्ड स्प्रे निसटला ना! त्यात एकच पासवर्ड शेकडो अकाउंटवर लावून बघतात, एका अकाउंटवर फेल एखाद-दोनच पडतात, मग तुमच्या २० पर्यंत पोचणार कसं? त्याच शेड्यूल्ड टास्कचा अलर्ट रोज रात्री येत राहिला की लोक न उघडताच फॉल्स पॉझिटिव्ह लावतात आणि एखाद्या रात्री सोर्स आयपी वेगळा असला तरी कुणी बघत नाही. म्हणून टास्क दुरुस्त करून घ्यायचा, आणि तोवर तेच अकाउंट, तोच सोर्स, तोच सर्व्हर एवढ्यापुरतंच एक्सक्लूजन, तेही मुदत घालून. एल१ नं पुराव्यासकट मागायचं, मंजुरी वरून.

विजयनगर_वाला: मुदत घातली की दर महिन्याला तेच एक्सक्लूजन परत मागत बसायचं. तेवढी माणसं आहेत कुठे?

इंदूरी_पोहा: आणि पुढचा माणूस उशिरा आला तर? मी थांबायचं का?