रेपो वाढवून महागाई उतरते का?

बांधावरून: मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. तरी जुलै 2023 मध्ये टोमॅटोने महागाई 7.44 टक्क्यांवर गेलीच. माझं मत: भाव उतरत नाहीत, कर्जदार तेवढा भरडला जातो.

अनघा: टोमॅटोवर रेपोचा इलाज नाही, हे मान्य. त्या उसळीनंतरही रेपो 6.5 वरच ठेवला. नवा माल बाजारात आला, भाव पडले आणि ऑक्टोबरात महागाई 4.87 वर आली. रेपो चालतो हप्त्यावर. 30 लाखांचं गृहकर्ज, 20 वर्षं: 6.65 टक्क्यांनी हप्ता 22,633, रेपोइतकाच अडीच टक्क्यांनी दर वाढून 9.15 झाला की 27,282. महिन्याचे साडेचार हजार गेले की ते घर नवी गाडी पुढे ढकलतं. गिऱ्हाईक रोडावलं की दुकानदारही भाव वाढवायला कचरतो. हे दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

विनायक_ठाणे: सोपं आहे. बँका रिझर्व्ह बँकेकडून पैसे घेऊन आपल्याला देतात. त्यांना महाग पडलं की आपल्यालाही.

अनघा: अर्धंच बरोबर. बँकांचा बहुतेक पैसा ठेवींचा असतो. पण ऑक्टोबर 2019 पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशीच, बांधलेली असतात. त्यामुळे दर तीन महिन्यांच्या आत बदलतो. जुन्या करारांत हाच बदल रेंगाळतो.

मीनल: पण आमचा हप्ता वाढलाच नाही! बँकेने न विचारता मुदत वाढवली. आम्ही खर्च कमी केलाच नाही, मग रेपोने काय साधलं?

अनघा: मीनलताई, इथेच गळती आहे. वरच्याच उदाहरणात 30 लाखांवर 9.15 टक्क्यांनी एका महिन्याचं व्याजच 22,875 होतं. जुन्या 22,633 च्या हप्त्यात ते फिटत नाही, मुद्दल उलट वाढतं. खात्याच्या उताऱ्यात मुद्दलाचा रकाना बघा. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तुमच्या बँकेकडे तो पर्याय लेखी मागा.

ठेवीदार_काका: मला तर एफडीवर जास्त व्याज मिळायला लागलं. नातीला सायकल घेतली. माझा खर्च वाढलाच की.

अनघा: काका, तेही खरंय. कर्जदाराचा हात आखडतो तेव्हा ठेवीदाराचा थोडा सैल होतो. पण जास्त व्याज बघून पैसे खर्चायचे सोडून ठेवीत टाकणारेही असतात.

बांधावरून: आमचं 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज रेपो वाढो की उतरो, 7 टक्क्यांनीच. म्हणजे भार शहरातल्या हप्तेवाल्यावर. अन्नधान्य आणि इंधन सोडून उरलेली महागाई 2023 सरताना 4 च्या खाली आली, हे मीही बघितलं. पण त्याच काळात जगभर कच्चा माल स्वस्त झाला होता. त्यात रेपोचा वाटा किती, ते सांगा.

अनघा: नेमका आकडा वेगळा काढता येत नाही. वाटा होता, एवढं मी म्हणते.

बांधावरून: मग माझं मत तूर्तास तेच.